पैसे मागायचेत ना? मग पहिल्याच ओळीत मागा



मागच्या आठवड्यातल्या उधारी वसुलीच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: "सर, मेसेज तर टाकतो, पण समोरचा 'बघतो' म्हणतो आणि विषय संपतो. काय चुकतं?" व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट ऐकण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवून वाचलेली जास्त कळते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचा मेसेज कितीही खरा असो, त्यामागे कितीही रात्रींची झोप गेलेली असो, तुम्हाला नक्की काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत नसेल, तर बहुतेक वेळा ते मिळत नाही. आणि यात समोरचा माणूस दुष्ट असायची गरज नसते. तो नुसता घाईत असला तरी पुरे.

बॅचमधल्या एका ताईंचा मेसेज बघू. त्यांची परवानगी आहे, नाव-गाव काढलंय. ताई कापडी पिशव्या शिवतात, वर दुकानाचं नाव छापून देतात. शेजारच्या तालुक्यातल्या एका साड्यांच्या दुकानाला त्यांनी 1,200 पिशव्या दिल्या, 58 रुपये नगाप्रमाणे. बिल झालं 69,600 रुपये. ॲडव्हान्स आला होता 20,000. राहिले 49,600. माल 12 ऑगस्टला पोहोचला, उधारी 30 दिवसांची ठरली होती, म्हणजे 11 सप्टेंबरला पैसे यायला हवे होते. ऑक्टोबर उजाडला तरी पत्ता नाही. तेव्हा ताईंनी हे लिहिलं:

"नमस्कार दादा, कसे आहात? घरी सगळे बरे ना? वहिनींची तब्येत आता कशी आहे? खूप दिवस झाले, आपलं बोलणंच नाही. दादा, तुम्हाला त्रास द्यायचा नाही, पण खरं सांगते, गेले दोन महिने घरात फार ओढाताण चालू आहे. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात सगळी शिल्लक गेली. मुलीची क्लासची फी थांबली आहे. शिवायला येणाऱ्या दोघी रोज विचारतात, ताई आमचे पैसे कधी? त्यांच्यासमोर मान वर करायला लाज वाटते. तुमचं काम आलं तेव्हा मी दुसरी ऑर्डर सोडून तुमचं केलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनवर बसले. तुम्हीच म्हणालात, ताई माल एक नंबर आहे. आणि आता तुम्ही फोनही उचलत नाही. मनाला फार लागतं हो. माझं काही चुकलं का? लहान माणसाला सगळे असंच वागवतात. तुम्ही मोठे आहात, समजून घ्याल असं वाटलं होतं. जमलं तर तेवढं राहिलेल्या पैशांचं बघा. राग मानू नका. दिवाळी तोंडावर आली आहे. वहिनींना नमस्कार सांगा."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आणि उत्तर काय आलं? "हो ताई, बघतो. सासूबाईंची काळजी घ्या."

आता रागावू नका त्या दादांवर. जरा त्यांच्या बाजूने बघा. माणूस गल्ल्यावर बसलाय, समोर दोन गिऱ्हाइकं साड्या उलगडून बसलीयत, फोन वाजतो. नोटिफिकेशनमध्ये दिसतं: "नमस्कार दादा, कसे आहात? घरी सगळे बरे ना? वहिनींची..." त्यांना वाटतं, खुशालीचा मेसेज आहे, रात्री बघू. रात्री उघडतात, व्हॉट्सॲप मेसेज अर्धा दाखवून खाली Read more लिहितं. दाबला तर दाबला. पूर्ण वाचला तरी उत्तर द्यायला सगळ्यात सोपं वाक्य कुठलं? सासूबाईंचं. माणूस नेहमी ज्याचं उत्तर फुकटात देता येतं त्याचं उत्तर देतो. "काळजी घ्या" म्हणायला पैसे पडत नाहीत. आणि ते म्हटलं की त्याच्या मनात तुमच्या मेसेजचं उत्तर देऊन झालेलं असतं.

मोजून बघा, मेसेजमध्ये 20 वाक्यं आहेत. मागणी आहे सतराव्या वाक्यात. तीही कशी? "जमलं तर तेवढं राहिलेल्या पैशांचं बघा." किती पैसे, ते नाही. कुठल्या बिलाचे, ते नाही. कधीपर्यंत, तेही नाही. आणि "बघा" म्हटलंय. ते म्हणाले, "बघतो." व्याकरणाच्या हिशेबाने त्यांनी ताईंची विनंती शंभर टक्के मान्य केली!

अजून एक गोष्ट आहे, जी आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच दुकानांत, छोट्या कंपन्यांत ज्याला तुम्ही मेसेज करता तो पैसे सोडत नाही. पैसे सोडतो अकाउंटंट, किंवा दुकानात बसणारा भाऊ, किंवा आठवड्यातून दोनदा येणारा हिशेबनीस. मालकाने फक्त तुमचा मेसेज त्याला पुढे ढकलायचा असतो. आता ताईंचा मेसेज पुढे ढकलता येईल का? त्यात सासूबाईंचा गुडघा आहे, मुलीची फी आहे, "तुम्ही फोन उचलत नाही" हा आरोप आहे. कुठला मालक स्वतःवरचा आरोप आपल्या अकाउंटंटला फॉरवर्ड करेल? म्हणजे मालकाला काम करायचं असलं तरी त्याला आधी स्वतः बिल शोधावं लागेल, आकडा काढावा लागेल, मग नवीन मेसेज लिहावा लागेल. हे सगळं आपण त्याच्यावर टाकलं. मग ते होत नाही.

तर मग दुरुस्ती कशी करायची?

पहिली गोष्ट, मन मोकळं करणारा मेसेज लिहा. हो, लिहाच. दाबून ठेवला तर तो दुसऱ्या कुठल्यातरी वाक्यातून बाहेर येतो. पण तो चॅटमध्ये लिहू नका. फोनच्या नोट्समध्ये लिहा, वहीत लिहा. चॅटमध्ये लिहिताना बोट चुकतं आणि पाठवला जातो. शिवाय तुम्ही वीस मिनिटं खाडाखोड करत असता आणि तिकडे त्याला typing… दिसत असतं. चांगलं दिसत नाही ते.

मग त्या लिहिलेल्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य हातात घ्या आणि स्वतःला विचारा, हे वाक्य वाचून समोरच्याने काय करायचं? ताईंच्या मजकुरावर आम्ही बॅचमध्ये हे केलं. "कसे आहात?" याचं उत्तर द्यायचं. "माझं काही चुकलं का?" याचं "नाही हो ताई" म्हणायचं. "लहान माणसाला सगळे असंच वागवतात" यावर काहीच करता येत नाही, फक्त वाईट वाटून घ्यायचं किंवा चिडायचं. "राहिलेल्या पैशांचं बघा" या एका वाक्यावरच खरं काम करायचं आहे. ते उचला आणि वर न्या. वर नेताना त्यात तीन गोष्टी भरा: आकडा, बिल नंबर, तारीख. हे वाक्य असं झालं:

"नमस्कार दादा. बिल नं. 37 चे राहिलेले 49,600 रुपये शुक्रवार, 17 ऑक्टोबरपर्यंत खात्यावर पाठवावेत, ही विनंती."

एवढं नोटिफिकेशनमध्ये मावतं. न उघडताही कळतं. आणि आता "बघतो" म्हणणं अवघड आहे, कारण प्रश्न "बघाल का" असा राहिला नाही. उत्तर द्यायचं तर तारखेबद्दलच द्यावं लागतं.

तारीख का शुक्रवारची? ताईंनीच सांगितलं की त्या दुकानात दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार तुफान गर्दीचा असतो, त्या दोन दिवसांत कुणी हिशेबाला हात लावत नाही. तारीख अशी निवडा की त्या दिवशी समोरच्याला पैसे सोडणं शक्य असेल. "दोन दिवसांत द्या" म्हणणं आणि "लवकरात लवकर द्या" म्हणणं, दोन्ही वाया. पहिल्यात तो तुम्हाला उद्धट समजतो, दुसऱ्यात त्याला मुदतच नसते. आठेक दिवसांची, वार घातलेली तारीख द्या. वार जरूर घाला. "17 तारीख" विसरते, "शुक्रवार" लक्षात राहतो.

मागणीनंतर आधार. म्हणजे अकाउंटंटने दुसरं काही न शोधता पैसे सोडावेत एवढी माहिती, त्याहून जास्त नाही:

"1,200 पिशव्या 12 ऑगस्टला पोहोचल्या. बिल 69,600, ॲडव्हान्स 20,000 वजा. 30 दिवसांची मुदत 11 सप्टेंबरला संपली. बिल आणि पोच सोबत पाठवते आहे."

आता खरा वादाचा मुद्दा. भावना सगळी काढून टाकायची का? काही ट्रेनर सांगतात, धंद्यात भावना आणू नका, सगळं कोरडं ठेवा. मला ते पटत नाही. आपल्याकडे छोटा धंदा ओळखीवर आणि शब्दावर चालतो. ताईंनी "दादा" म्हणणं सोडलं आणि एकदम "महोदय" सुरू केलं, तर दादांना वाटेल, आता ही बाई वकिलाकडे जाऊन आली. मग पैसे सोडाच, बोलणंही थांबेल.

माझी फूटपट्टी अशी आहे: जी भावना तारखेला बांधलेली आहे, ती ठेवा. जी नाही, ती काढा. ताईंच्या मजकुरात तारखेला बांधलेली एकच गोष्ट होती, शिवणाऱ्या दोघींची मजुरी. ती दिवाळीच्या आधी द्यायची आहे, म्हणून पैसे 17 ला हवेत. हे कारण आहे. सासूबाईंचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्याचा 17 तारखेशी संबंध नाही. रात्री दोनपर्यंत जागणं हे तर त्या ऑर्डरच्या किमतीत आलंच, त्याचे 58 रुपये लावलेत. म्हणून एकच वाक्य उरलं:

"शिवणाऱ्या दोघींची मजुरी दिवाळीआधी याच पैशांतून द्यायची आहे, म्हणून ही तारीख धरली आहे."

बघा, हे वाक्य कोरडं नाही. उलट वीस वाक्यांच्या गर्दीत जे हरवलं होतं ते आता एकटं उभं आहे, म्हणून जास्त लागतं. आणि त्यात स्वतःची लाज काढलेली नाही. दादांनाही ते अकाउंटंटला दाखवायला संकोच वाटणार नाही.

शेवटी एक ओळ उत्तरासाठी: "शुक्रवारी जमेल ना, तेवढं आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?" यात दोन तारखा झाल्या, पैशांची आणि उत्तराची. उत्तराची तारीख जवळची हवी. पैसे आठ दिवसांनी येणार असतील, तर ते येणार की नाही हे आठ दिवस वाट बघून कळण्यात काही अर्थ नाही.

एवढा झाला मेसेज. सहा-सात ओळी.

बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, पण नमस्कार-चमत्कार न करता एकदम पैशावर यायचं? आपल्यात ते बरं दिसत नाही." प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, आपल्याकडची जुनी रीतच ही आहे. तुमच्या आजोबांची पत्रं घरात असतील तर काढून बघा. सुरुवातीला "सा. न. वि. वि." असायचं. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. म्हणजे नमस्कार झाला की लगेच, विशेष विनंती अशी की... आणि दुसरा नेहमीचा शब्द "पत्रास कारण की". पत्र का लिहिलं, ते वरच. नमस्कार एका ओळीत, मग थेट कारण.  पोस्टकार्डावर जागा कमी असायची, लिहिणाऱ्याला ओळींची किंमत माहीत होती. व्हॉट्सॲपला जागा संपत नाही, म्हणून आपण पसरायला लागलो. तेव्हा मागणी वर घेतली म्हणजे आपण फार इंग्रजाळलेलं काहीतरी करतोय असं समजू नका.

वहिनींच्या तब्येतीची चौकशी करायचीच असेल तर जरूर करा, पण वेगळ्या दिवशी. पैशाच्या मेसेजच्या डोक्यावर बसवलेली चौकशी समोरच्याला लगेच ओळखू येते. मग पुढच्या वेळी तुम्ही मनापासून "वहिनी कशा आहेत" विचारलं तरी तो मनात म्हणतो, आला पैशाचा मेसेज.

आता लोक यात कुठे घसरतात ते सांगतो.

काही जण मेसेज घट्ट करायचा म्हणून इतका घट्ट करतात की "पेमेंट कधी?" एवढंच उरतं. हे छोटं आहे, पण यात मागणी नाही. यात प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर "लवकरच" असं देता येतं. लांबी कमी करणं हा हेतूच नाही. मागणी वर यायला हवी आणि ती पूर्ण हवी. ताईंच्या पहिल्या वाक्यात पंधरा-वीस शब्द आहेत, तरी चालतं.

दुसरे लोक तुकड्यांत पाठवतात. "दादा" एक मेसेज. "आहात का" दुसरा. "जरा बोलायचं होतं" तिसरा. मग वाट बघत बसतात. समोरच्याच्या स्क्रीनवर शेवटी काय दिसतं? "जरा बोलायचं होतं." उधारी असलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ बरोबर कळतो आणि तो फोन पालथा ठेवतो. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा. बिलाचा फोटो मात्र मेसेजच्या आधी पाठवा, नंतर नाही. नंतर पाठवला तर चॅटच्या यादीत तुमच्या नावाखाली नुसतं फोटोचं चिन्ह दिसतं आणि तुमची मागणी त्याच्यामागे लपते. छोटी गोष्ट आहे, पण करून बघा.

तिसरं, एकाच मेसेजमध्ये दोन मागण्या. "मागचे पैसे द्या आणि पुढच्या ऑर्डरला कापड महागलंय म्हणून 62 रुपये पडतील." समोरचा भावावर वाद घालेल, पैशांवर नाही, कारण भावावर घासाघीस करणं त्याच्या सोयीचं आहे. एका मेसेजला एकच काम द्या.

आणि हप्त्याची तयारी पहिल्याच मेसेजमध्ये दाखवू नका. "एकदम जमत नसेल तर निम्मे द्या" असं लिहिलंत, की तुमची मागणी 49,600 ची राहत नाही, 24,800 ची होते. हप्ता मनात ठरवून ठेवा. त्याने अडचण सांगितली, तर तेव्हा काढा.

आवाजी मेसेज पाठवणाऱ्यांसाठी एवढंच, की तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आकडा शोधायला कुणी परत ऐकत नाही. बोलायचं असेल तर बोला, पण लेखी मेसेज वेगळा टाका.

प्रत्येक ठिकाणी हे चालतं का? नाही. समोरच्याच्या घरी काही दुःखद घडलं असेल, तर पहिला मेसेज फक्त सांत्वनाचा, आणि त्यात पैशांचा उल्लेखही नको, "नंतर बोलू" असाही नको. ते दिवस होऊन जाऊ द्या. मग मागणी करताना शक्यतो अकाउंटंटला किंवा दुकान बघणाऱ्या दुसऱ्या माणसाला करा. तसंच गिऱ्हाईक नात्यातलं असेल, मामेभाऊ, व्याही, तर थेट लेखी मागणी टोचते. तिथे आधी फोन करा, फोनवर आकडा आणि तारीख तोंडी ठरवा, आणि फोन ठेवल्यावर मेसेज टाका: "आत्ता बोललो त्याप्रमाणे 49,600 रुपये शुक्रवारी पाठवताय, आभारी आहे." इथेही मागणी पहिल्याच ओळीत आहे, फक्त ती ठरलेली गोष्ट म्हणून आली.

कायद्याबद्दलही विचारलं गेलंय, म्हणून थोडक्यात. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीच केलेली बरी. ताई स्वतः शिवून विकतात, म्हणजे उत्पादक आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये. त्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती मुख्यतः बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती.

पण माझा आग्रह असा, की पहिल्या मेसेजमध्ये यातलं काहीही लिहू नका. कायदा आला की मालक मेसेज अकाउंटंटला पाठवत नाही, वकिलाला पाठवतो. बिलावर उद्यम नंबर छापून ठेवा, बस. जाणत्या अकाउंटंटला तेवढं पुरतं. आणि वेळ आलीच, तर तारीख, आकडा, बिल नंबर असलेला मेसेज तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून उभा राहतो. "जमलं तर बघा" वाला मेसेज उलट तुम्हीच सवलत दिली असं दाखवायला वापरता येईल.

ताईंचं पुढे काय झालं? त्यांनी नवीन मेसेज 9 तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला पाठवला, दुकान उघडून गर्दी व्हायच्या आत. (रात्री अकराला पैसे मागू नका. माणूस वाचतो, झोपतो, सकाळी तो मेसेज वाचलेल्यांत गेलेला असतो.) दादांनी स्वतः काही लिहिलंच नाही. मेसेज पुढे ढकलला. दुपारी अकाउंटंटचा फोन आला: "मॅडम, बिल 37 आमच्याकडे आलंच नाही. माल उतरवून घेणाऱ्या पोराने ते गोडाऊनच्या फाईलला लावलंय." म्हणजे जवळजवळ दोन महिने दादा "बघतो" म्हणत होते आणि ज्याने पैसे सोडायचे त्याच्या टेबलावर कागदच नव्हता. सोबत फोटो होता म्हणून ते तिथल्या तिथे निस्तरलं.

16 तारखेला 30,000 आले. सोबत निरोप, बाकी पाडव्यानंतर. सगळे आले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल मेसेज म्हणजे जादू आहे. त्या दुकानात दिवाळीआधी रोकड माल भरण्यात अडकलेली असते, ती कुठल्याही वाक्याने सुटत नाही. पण दोघींची मजुरी दिवाळीआधी गेली.

त्याच संध्याकाळी ताईंनी परत वहीत लिहायला घेतलं. सुरुवात होती, "दादा, तुम्ही एवढं तरी केलंत, खूप बरं वाटलं, मला तर वाटलं होतं..." मग स्वतःच थांबल्या, आणि पाठवला तो हा:

"दादा, 30,000 रुपये आज मिळाले, आभार. बिल नं. 37 चे राहिलेले 19,600 रुपये सोमवार, 27 ऑक्टोबरपर्यंत पाठवावेत, ही विनंती. अकाउंटंट साहेबांनाही हाच मेसेज पाठवते आहे."

आणि वहिनींची चौकशी त्यांनी पाडव्याला फोन करून केली. दहा मिनिटं बोलणं झालं, पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही.